पातेल्यात किती, पेल्यात किती

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, बहुधा कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला, एक कागद चिकटवलेला असतो. त्याला हळदीचे डाग पडलेले असतात, एक कोपरा वाफेने सुटलेला असतो. भेटीला आलेल्या नातेवाइकांना हा कागद सहसा दिसत नाही. त्यांना दिसते खोली, बाग, देवघर, फार तर टीव्हीचा हॉल. पण आपली आई किंवा काका इथे नीट राहतील की नाही, याचा अंदाज बागेपेक्षा या कागदावरून जास्त चांगला येतो. 40 जणांच्या आश्रमात नीट विचार करून लिहिलेली अशी सूचना साधारण पुढीलप्रमाणे असते.

"स्वयंपाकघरातील सर्व मावशी आणि आचारी यांच्यासाठी. दूध : प्रत्येकी रोज 300 मिली. त्यातलं दोन वेळच्या चहाला मिळून 80, दह्याला 70 आणि प्यायला 150. फळ : प्रत्येकी रोज 100 ग्रॅम, साल आणि बिया काढून, दुपारी 4 वाजता. पोळी : एका पोळीला 30 ग्रॅम कणीक. संख्या फळ्यावर लिहिल्याप्रमाणे, मागितली तर आणखी वाढावी. कर्मचाऱ्यांचा चहा आणि जेवण वेगळं धरलेलं आहे. सामान कमी पडलं तर मला सांगावं, परस्पर माप कमी करू नये. व्यवस्थापक."

या मोजक्या ओळींत बरंच काही ठरलेलं आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी की दूध आणि फळ यांचा आकडा पक्का आहे, पोळीचा मात्र सैल आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं चालतं. पोळ्या चार म्हणजे चार, मोजून. दुधाचं म्हणजे आलं तेवढं, पुरलं तेवढं. म्हाताऱ्या माणसाच्या शरीराचा हिशेब पाहिला तर ही उलटापालट महागात पडते.

वय वाढतं तशी हालचाल कमी होते, स्नायू कमी होतात, आणि रोजच्या एकूण अन्नाची गरजही थोडी उतरते. म्हणून सत्तरीतल्या आजींना तीनऐवजी दोन पोळ्या पुरल्या तर त्यात काळजीचं कारण नसतं. पण प्रथिनं आणि कॅल्शियम यांची गरज त्याबरोबर उतरत नाही. वृद्धांच्या आहारावर काम करणारे बरेच तज्ज्ञ वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. तरुण माणसाला याहून थोडी कमीही चालतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतात. म्हणजे पोट लवकर भरतं, पण त्या लहान जेवणातून आधीइतकीच किंवा जास्त प्रथिनं मिळवायची असतात. अशा वेळी ताटातली पोळी कमी झाली तर चालतं, दूध-दही-वरण कमी झालेलं चालत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाचं जे चित्र आहे, त्यात धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिली आणि फळं 100 ग्रॅम धरलेली आहेत. आपल्या कागदावरचे दुधाचे 300 आणि फळाचे 100 या आकड्यांशी जुळतात. आजी-आजोबांना 2000 कॅलरी लागत नाहीत, तेव्हा कमी करायचं ते धान्य. तेच पोळीच्या सैल आकड्यात बसतं.

आता दुधाकडे पाहू, कारण सगळ्यात जास्त गळती तिथेच होते.

40 जणांना 300 मिली म्हणजे 12 लिटर. सहा कर्मचाऱ्यांच्या दोन वेळच्या चहाचं दूध माणशी 80 मिलीप्रमाणे जवळपास अर्धा लिटर. म्हणजे साडेबारा लिटर, अर्ध्या लिटरच्या 25 पिशव्या. कर्मचाऱ्यांचा चहा कागदावर धरलेला आहे ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. पहाटे पाचला येऊन 40 जणांचा चहा करणारी मावशी स्वतः चहा पिणारच. तिचा कप हिशेबात नसेल तर तो कुणा आजींच्या पेल्यातून जातो, आणि शिवाय त्या मावशीवर उगाच चोरीचा संशय येतो. जे खर्च होणार आहे ते आधीच लिहून ठेवलं की कुणालाच लपवावं लागत नाही.

मोजमाप चुकतं ते चहाच्या पातेल्यात. चहा सकाळी पहिला होतो आणि प्यायचं दूध सगळ्यात शेवटी वाटलं जातं. कुणीतरी म्हणतं, "आज चहा पांचट झालाय," आणि मावशी आणखी एक पिशवी ओतते. अकरा वाजता कोणी देणगीदार येतात, त्यांच्यासाठी दुधाचा चहा होतो. दुपारी कुणाला तरी कॉफी हवी असते. यातलं काहीच चुकीचं नाही, पण दर वेळी पिशवी येते ती शेवटच्या दुधातून. रात्री सहाऐवजी साडेचार लिटर उरतं, मग त्यात दीड लिटर पाणी घालून थोडी साखर जास्त टाकली की पेले भरतात. पेला भरलेला दिसतो, रंगही पांढराच असतो. पण 150 मिलीच्या पेल्यात दूध राहतं सुमारे 112 मिली.

यावर एक साधा उपाय आहे, आणि अनुभवी व्यवस्थापक तो सूचनेच्या खाली हाताने लिहितात : पिशव्या आल्या की आधी प्यायच्या दुधाच्या 12 पिशव्या वेगळ्या पातेल्यात तापवून, गार करून, फ्रिजमध्ये ठेवायच्या. दह्याचं दूध आदल्या रात्रीच विरजलेलं असतं. उरलेल्या दुधात चहा. पाहुण्यांसाठी रोज एक जादा पिशवी, हिशेबात वेगळी दाखवलेली. म्हणजे चहा दाट व्हायचा असो की पातळ, रात्रीच्या पेल्याला धक्का लागत नाही.

मापाचंही तसंच. स्टीलचे पेले सगळे एका आकाराचे नसतात. देणगीत आलेले, कुणाच्या घरून आलेले, काही उंच, काही पसरट. "पेलाभर दूध" म्हटलं तर कुणाला 120 मिली मिळतं आणि कुणाला 200. म्हणून माप पेल्याचं न ठेवता ओगराळ्याचं ठेवतात. औषधाच्या मापाने पाणी ओतून पाहिलं की काठोकाठ 75 मिली मावणारं ओगराळं सापडतं. दोन ओगराळी म्हणजे एकाचं दूध. ते ओगराळं दुधाच्या पातेल्यातच ठेवायचं, आमटीला वापरायचं नाही. वाटताना दूध अधूनमधून हलवायचं, नाहीतर साय वरच्या पाच-सहा पेल्यांत जाते आणि खालच्यांना पातळ दूध येतं. काही ठिकाणी साय काढून तूप करतात. ज्यांचं वजन जास्त आहे किंवा ज्यांना डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितली आहे, त्यांच्या दुधाची साय काढायला काही हरकत नाही, कारण कॅल्शियम आणि बहुतेक प्रथिनं खाली दुधातच राहतात. पण ज्या आजोबांचे कपडे अंगावर सैल व्हायला लागले आहेत, त्यांच्या पेल्यात साय गेलीच पाहिजे.

300 मिली गायीच्या किंवा टोन्ड दुधातून साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. प्रौढ माणसाला दिवसाला कमीत कमी 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असतं, तेव्हा एक तृतीयांश भाग एकट्या दुधातून येतो. बाकीचं नाचणी, तीळ, पालेभाज्या यांतून जमवावं लागतं. खर्चाच्या बाजूने पाहू. लिटरला 56 रुपये धरले तर 25 पिशव्यांचे रोज 700 रुपये, महिन्याला 21,000. संस्थेची गंगाजळी आटली की पहिली नजर इथेच जाते. प्रत्येकी 50 मिली कमी केलं तर रोज 2 लिटर, म्हणजे महिन्याला 3,360 रुपये वाचतात, आणि ताटात काही कमी झालंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ही बचत सगळ्यात सोपी असते आणि ती सगळ्यात शेवटी करावी. फरसाण, बिस्किटं, सणाचं जादा गोड हे आधी कापावं.

दुधाच्या वेळेबद्दल कागदावर काहीच लिहिलेलं नसतं, ते लिहायला हवं. रात्री नऊला गरम दूध ही आपल्याकडची जुनी सवय. पण नऊला पेलाभर दूध प्यायलं की रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. अंधारात, झोपेत, ओल्या फरशीवरून संडासला जाणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. पडून खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळंच अवघड होतं. हे आजी-आजोबांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते तक्रार न करता दूध परत पाठवतात किंवा बेसिनमध्ये ओततात. पेले धुताना मावशीला ते दिसतं, पण तिला कोणी विचारत नाही. अशा लोकांना हेच 150 मिली दूध दुपारी साडेचारला द्यायचं. बाकीच्यांना जेवणानंतर, आठ वाजता.

काहींना दूध पचत नाही. पोट फुगतं, गडगड होते, पातळ होतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं द्रव्य मोठेपणी बऱ्याच जणांच्या शरीरात कमी झालेलं असतं. अशांनाही थोडं थोडं करून, जेवणाबरोबर दिलेलं दूध बऱ्याचदा चालतं, आणि दही त्याहून सहज चालतं, कारण विरजताना लॅक्टोजचा काही भाग संपतो. म्हणून सूचनेत "दूध घेत नाही" असा शेरा पुरेसा नसतो. त्यापुढे "तेवढंच दही" असं लिहावं लागतं. नाहीतर त्या माणसाचा 150 मिलीचा वाटा नुसता रद्द होतो आणि वर्षभर कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट नर्सताई आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये हरवते, ती म्हणजे गोळ्या. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि तिच्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर काही घ्यायचं नसतं. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तर तिच्यापासून चार तास लांब ठेवावी लागते. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेतली तर तिचा मोठा भाग वाया जातो. सकाळी साडेसहाला मावशी चहाचा ट्रे घेऊन येते आणि त्याच वेळी नर्सताई गोळ्यांचा डबा घेऊन येते. दोघी आपापलं काम चोख करत असतात, तरी गोळी चहाबरोबरच पोटात जाते. ज्यांना थायरॉइडची गोळी आहे अशांची नावं चहाच्या ट्रेवरच्या कागदावर लिहून त्यांचा चहा साडेसातला ठेवला की प्रश्न सुटतो. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते व्यवस्थापकाने लिहून दिल्याशिवाय होत नाही.

पोळीकडे वळू. "प्रत्येकी दोन पोळ्या" हे वाक्य माप म्हणून निरुपयोगी आहे, कारण पोळी केवढी हे त्यात नाही. एका मावशीची पोळी 22 ग्रॅम कणकेची, पातळ आणि फुगणारी. दुसरीची 40 ग्रॅमची, जाड. मावशी बदलल्या की फळ्यावरचा आकडा तोच राहतो आणि पोटात जाणारं अन्न जवळजवळ निम्म्याने बदलतं. म्हणून सूचनेत कणकेचं वजन आहे.

हे तपासायला प्रत्येक पोळी तोलायची गरज नसते. 30 ग्रॅम कणकेला साधारण 18 मिली पाणी लागतं, म्हणजे भिजवलेल्या कणकेचा एक गोळा 48 ग्रॅमच्या आसपास भरतो. गोळे करून झाले की परातीतले कोणतेही दहा उचलून वजनकाट्यावर ठेवायचे. 480 ग्रॅमच्या जवळपास आले तर ठीक. 400 आले तर पोळ्या लहान होतायत, 600 आले तर मोठ्या. आठवड्यातून एकदा एवढं केलं की पुरतं. मावशीच्या हातालाही तो अंदाज दोन-चार वेळांत बसतो. अशा एका पोळीतून साधारण 100 कॅलरी आणि 3 ग्रॅम प्रथिनं मिळतात. ज्वारीची भाकरी असेल तर ती बहुधा 60 ग्रॅम पिठाची असते, म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या जागी धरायची.

फळ्यावरची संख्या कशी येते? रोज सकाळी नर्सताई किंवा वाढणारी मावशी विचारून लिहिते. समजा 40 पैकी चौघांना पोळी चावत नाही, ते मऊ भात, खिचडी, लापशी खातात. सहा जण एकच पोळी घेतात, वीस जण दोन आणि दहा जण तीन. 6, 40 आणि 30 मिळून 76 पोळ्या. मागणाऱ्यांसाठी आठ जादा धरल्या की 84, म्हणजे अडीच किलो कणीक. दुपारचा हिशेब असा, रात्रीचा थोडा कमी. "मागितली तर आणखी वाढावी" हे वाक्य सूचनेत हवंच. जन्मभर स्वतःच्या घरात दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला पंगतीत पोळी मागायचा संकोच वाटतो. तिला मोजून वाढलं तर ती कधीच मागणार नाही. म्हणून वाढणाऱ्याने पंगतीतून दुसरी फेरी मारायची, मागण्याची वाट पाहायची नाही.

परत येणाऱ्या पोळीकडेही पाहायला हवं. काही ताटांत पोळीचा मधला मऊ भाग खाल्लेला असतो आणि कडा उरलेल्या असतात. ते भूक नसल्याचं लक्षण नाही, दाताचं किंवा सैल झालेल्या कवळीचं आहे. त्या ताटात पोळी कमी करायची नाही. तव्यावरून काढल्या काढल्या तूप लावून फडक्यात गुंडाळून ठेवायची, किंवा वरणात दहा मिनिटं कुस्करून द्यायची, आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

इथे एक उदाहरण आकड्यांसकट सोडवून पाहू. समजा एका आजींचं वजन जूनमध्ये 46 किलो होतं आणि सप्टेंबरमध्ये 43. तीन महिन्यांत तीन किलो, म्हणजे साडेसहा टक्के. रोज बघणाऱ्याला एवढा फरक दिसत नाही, साडी नेसलेल्या बाईत तर नाहीच. रजिस्टर चाळलं तर कळतं की आधी त्या दुपारी दोन आणि रात्री दोन पोळ्या खात. आता कडा टाकून खरं म्हणजे अडीचच पोटात जातात. रात्रीचं दूधही परत येतंय. दीड पोळीचे 150 आणि दुधाचे 90, मिळून रोज 240 कॅलरी कमी. नव्वद दिवसांत हे 21,600 होतात. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी असं ढोबळ गणित आहारतज्ज्ञ वापरतात. त्याने पावणेतीन किलो निघतात, जवळजवळ वजनकाट्यावर दिसलं तेवढंच. शिवाय रोजची नऊ-दहा ग्रॅम प्रथिनंही गेली. त्यांची दिवसाची गरज 46 ग्रॅमच्या आसपास होती हे लक्षात घेतलं तर पाचवा हिस्सा गेला. वजनाबरोबर मांडीचे आणि पिंढरीचे स्नायू जातात, मग खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात.

हिशेब जुळला म्हणून डॉक्टरांना दाखवणं टाळायचं नाही. क्षय, थायरॉइड, मधुमेह, उदासपणा, कर्करोग यांतही वजन असंच उतरतं. पण स्वयंपाकघराने त्याच दिवशी सुरू करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. दूध साडेचारला, त्यात नाचणीचं सत्त्व शिजवून खिरीसारखं. त्यात दोन मोठे चमचे, म्हणजे 15 ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळली की 5 ग्रॅम प्रथिनं वाढतात आणि पेला मोठा करावा लागत नाही. पोळीला चमचाभर तूप, त्याच्या 45 कॅलरी. वरण पातळ न करता दाट. महिन्याने पुन्हा वजन. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्या पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजतात. तो 31 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची.

फळाचं मोजमाप तुलनेनं सोपं, पण तिथेही वजन साल काढल्यानंतरचं धरायचं. 40 जणांना 100 ग्रॅम पपई म्हणजे 4 किलो फोडी. साल आणि बिया जाऊन साधारण तीन चतुर्थांश उरते, म्हणून बाजारातून सव्वापाच-साडेपाच किलो आणावी लागते. चार किलोच आणली तर प्रत्येकाच्या वाटीत 75 ग्रॅम पडतात. मध्यम केळं एकाला एक, म्हणजे तीन डझन आणि वर चार. फळ जेवणाबरोबर न देता दुपारी चारला देण्याचं कारण एवढंच की जेवताना पोट भरलेलं असतं. मग केळं उशाशी किंवा कपाटात जातं आणि चार दिवसांनी काळं झालेलं सापडतं. समोर बसून खाल्लेलं फळच मोजायचं. फोडी वाढण्याच्या वेळीच करायच्या, सकाळी चिरून ठेवायच्या नाहीत.

दात नसलेल्यांना पिकलं केळं, पपई, चिकू किंवा साल काढून वाफवलेलं सफरचंद. पेरू गरासकट किसून किंवा बिया काढून. गिळायला त्रास होणाऱ्यांना अख्खी द्राक्षं देऊ नयेत, घशात अडकतात, उभी चिरून द्यावीत. मधुमेह आहे म्हणून फळ बंद करायचं कारण नाही. बंद करायचा तो रस, कारण रसात तीन मोसंब्यांची साखर एका घोटात जाते आणि चोथा मागे राहतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं मात्र वेगळं. केळं आणि नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर असतं, ते त्यांच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाही आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. त्यांची यादी डॉक्टरांकडून घेऊन फळांच्या ट्रेवर लावायची.

फळाचा मोठा शत्रू म्हणजे एकाच दिवशी येणारा दानधर्म. पितृपक्षात रोज कुणाच्या तरी नावाने खीर-वडे होतात, वाढदिवसाला जिलेबी आणि शिरा. श्रावणात कुणी दहा-पंधरा डझन केळी एकदम आणून देतात, सगळी पिकलेली. दोन दिवस प्रत्येकी तीन केळी, नंतर आठवडाभर फळच नाही, कारण "परवाच तर खाल्ली". देणाऱ्याची भावना मोठी असते, तिला नाही म्हणता येत नाही. काही आश्रमांनी यावर चांगली वाट काढली आहे. देणगीदाराला जवळच्या फळवाल्याकडे किंवा डेअरीत पैसे जमा करायला सांगतात, आणि आठवडाभर रोज त्यांच्या नावाने माल येतो. आणि सूचनेत एक ओळ असते : अन्नदानाच्या दिवशीही दूध आणि फळ ठरल्याप्रमाणेच. जिलेबी ही त्याच्या जागी नाही, त्याच्याबरोबर.

उपवासाचीही नोंद हवी. एकादशीला आणि सोमवारी पोळ्यांची संख्या निम्म्यावर येते. त्याऐवजी नुसती साबुदाण्याची खिचडी दिली तर पोट भरतं, पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने, दही पूर्ण वाटीभर, राजगिऱ्याची पोळी किंवा वरईबरोबर शेंगदाण्याची आमटी, असं केलं तर त्या दिवसाचा तोटा बराचसा भरून निघतो. संकष्टी जास्त अवघड. चंद्रोदय कधी नऊला, कधी त्याहून उशिरा. तोवर काही न खाणाऱ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांची साखर एकदम खाली येऊ शकते. इथे उपवास मोडायला सांगण्यापेक्षा दुपारी चारला दूध आणि फळ दोन्ही द्यावं, ते उपवासाला चालतं. इन्सुलिनच्या वेळेबद्दल मात्र नर्सताईंनी डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

आपल्या माणसासाठी आश्रम बघायला जाणाऱ्यांनी स्वयंपाकघरात जायची परवानगी मागावी, आणि शक्य असेल तर दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला जावं. फळ खरंच वाटलं जातंय का, फोडी ताज्या आहेत का, दात नसलेल्यांना काय दिलंय, हे डोळ्यांनी दिसतं. व्यवस्थापकांकडे वजनाचं रजिस्टर मागावं आणि एखाद्या पानावर सलग तीन महिन्यांचे आकडे आहेत का पाहावं. सगळ्यांच्या नावापुढे दर महिन्याला तोच पूर्णांक दिसला, 50, 50, 50, तर वजन केलेलं नाही, लिहिलेलं आहे. आणि दुधाच्या पिशव्या रोज किती येतात हे व्यवस्थापकांना न विचारता मावशींना विचारावं. त्यांनी सांगितलेल्या पिशव्यांचे मिलीलिटर करून राहणाऱ्यांच्या संख्येने भागावं. उत्तर 300 च्या जवळ आलं नाही तर कुठे कमी पडतंय हे तिथेच उभं राहून विचारायचा हक्क आपल्याला आहे.